विकलेल्या वस्तूची जाहिरात, चॅट आणि नंबर: काय पुसावे आणि कोणत्या क्रमाने

फेसबुक मार्केटप्लेसवर टाकलेली वस्तू विकली गेली, पैसे खात्यात आले आणि टेम्पो सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला, की बहुतेक जण जाहिरात काढून टाकतात आणि व्यवहार संपला असे धरून चालतात. प्रत्यक्षात जाहिरात काढल्याने जाहिरातीचे पान तेवढे जाते. त्या जाहिरातीवरून ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांच्याशी झालेली संभाषणे मेसेंजरमध्ये दोन्ही बाजूंना तशीच राहतात आणि त्या संभाषणांत दिलेला मोबाइल नंबर, घराचा पत्ता, बिलाचा फोटो आणि पैसे घेण्यासाठी पाठवलेला क्यूआर कोडही तिथेच राहतो. काही जण त्यापुढे जाऊन सगळी चॅट एका झटक्यात पुसतात. त्यात हेतू चांगला असला, तरी नुकसान होते, कारण चॅट पुसली की ती फक्त आपल्या बाजूने जाते आणि समोरच्याकडे गेलेला नंबर मागे घेण्याचा आपला मार्गही तिच्याबरोबर जातो. म्हणून या कामात कोणते बटण दाबायचे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, क्रम महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण समोर ठेवून हा क्रम पाहू. नाशिकच्या इंदिरानगरमधील एका ओळखीच्या कुटुंबाने घरातला दोन दारांचा फ्रिज विकायला काढला. मार्केटप्लेसवर ९,५०० रुपये किंमत लिहून जाहिरात टाकली, तीच जाहिरात नाशिकमधील खरेदी-विक्रीच्या दोन फेसबुक गटांतही गेली आणि तिची लिंक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवली गेली. नाशिक रोड, सातपूर, देवळाली कॅम्प, ओझर, सिन्नर अशा ठिकठिकाणांहून विचारणा झाली. बहुतेकांनी ‘आहे का अजून?’ एवढेच विचारले आणि पुढे काही लिहिले नाही. चार जणांशी बोलणे पुढे गेले आणि त्या चौघांना नंबर दिला गेला. त्यांतल्या एकाला वॉरंटी पाहायची होती म्हणून मूळ बिलाचा फोटो पाठवला, दुसऱ्याला घर सापडावे म्हणून नकाशावरचे ठिकाण पाठवले आणि तिसऱ्याने ‘आताच टोकन पाठवतो’ म्हटल्यावर त्याला क्यूआर कोड पाठवला. त्याने टोकन काही पाठवले नाही. शेवटी सातपूरच्या चौथ्या माणसाने ८,००० रुपयांना फ्रिज घेतला आणि छोटा हत्ती आणून तो घेऊन गेला. म्हणजे व्यवहार एकाशी झाला, पण घरची माहिती आणखी तिघांकडे राहिली, आणि ती प्रत्येकाकडे वेगळ्या स्वरूपात राहिली.

तीन बटणांतला फरक

पुढच्या पायऱ्या समजण्यासाठी मेसेंजरमधील तीन गोष्टींतला फरक आधी स्पष्ट असायला हवा. पहिली म्हणजे संपूर्ण चॅट ‘Delete’ करणे. यात ते संभाषण आपल्या यादीतून कायमचे जाते, परंतु समोरच्या व्यक्तीच्या फोनवर त्यातला एक शब्दही हलत नाही. दुसरी म्हणजे एखादा मेसेज ‘Unsend’ करणे. यात दोन पर्याय येतात: ‘Unsend for everyone’ निवडल्यास तो मेसेज दोन्ही बाजूंनी जातो आणि ‘Unsend for you’ निवडल्यास तो फक्त आपल्या पडद्यावरून जातो. तिसरी म्हणजे ‘Block’. यामुळे ती व्यक्ती यापुढे आपल्याला मेसेंजरवर गाठू शकत नाही, मात्र आधी दिलेला नंबर तिच्याकडे राहतोच आणि त्या नंबरवर ती फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करू शकते.

‘Archive’ नावाचा आणखी एक पर्याय दिसतो. तो चॅट नजरेआड करतो, पुसत नाही. समोरच्याने पुन्हा एक मेसेज केला की ती चॅट जशीच्या तशी वर येते, त्यामुळे आपल्या कामासाठी तो निरुपयोगी आहे.

यावरून एक गोष्ट निघते. समोरच्या बाजूने काही पुसण्याची ताकद केवळ ‘Unsend for everyone’मध्ये आहे, आणि ती वापरण्यासाठी मूळ मेसेज आपल्या पडद्यावर दिसत असला पाहिजे. चॅट पुसली की मेसेज दिसत नाही, मग बोट ठेवायचे कशावर? म्हणून आधी मेसेज मागे घ्यायचे, ब्लॉक करायचे असल्यास ते त्यानंतर, आणि चॅट सर्वांत शेवटी पुसायची.

विक्रीच्या दिवशी

वस्तू घराबाहेर गेल्यावर लगेच जाहिरात पुसू नये, तिच्यावर ‘Mark as sold’ करावे. फेसबुकच्या मेनूतून ‘Marketplace’ उघडावे, वरच्या बाजूला असलेल्या माणसाच्या आकृतीवर दाबावे आणि ‘Your listings’मध्ये जावे, तिथे आपण टाकलेल्या सर्व वस्तू दिसतात. संगणकावर असाल तर facebook.com/marketplace/you/selling हा पत्ता थेट त्याच ठिकाणी नेतो. तिथे फ्रिजच्या जाहिरातीसमोर ‘Mark as sold’ असे बटण असते. अ‍ॅपच्या आवृत्तीनुसार ते जाहिरातीखाली थेट दिसते किंवा तीन ठिपक्यांमागे असते.

पुसण्याऐवजी आधी ‘विकले गेले’ अशी खूण करण्याचे कारण व्यावहारिक आहे. जुन्या वस्तूच्या व्यवहारात पहिले दोन-तीन दिवस कच्चे असतात. फ्रिज वाहून नेल्यावर थंड होत नाही, घेणाऱ्याच्या जिन्यातून तो वर जात नाही, पैशांबद्दल काही गैरसमज होतो, अशा गोष्टी घडतात आणि वस्तू परतही येऊ शकते. ‘Mark as sold’ केलेली जाहिरात ‘Mark as available’ करून पुन्हा चालू करता येते, तर पुसलेली जाहिरात परत येत नाही. ती फोटोंसह नव्याने करावी लागते. शिवाय विकल्याची खूण झाली की ती वस्तू मार्केटप्लेसच्या शोधात येत नाही, त्यामुळे नवी विचारणा जवळजवळ थांबते.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. विकल्याची खूण केलेले पान ज्याच्याकडे लिंक आहे त्याला उघडता येते आणि त्यातले फोटो व वर्णन त्याला दिसते. वर्णनात ‘संपर्क’ म्हणून नंबर लिहिला असेल, किंवा एखाद्या फोटोत बिल, दारावरची नावाची पाटी अथवा फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला मुलांच्या शाळेचा कागद दिसत असेल, तर तेही दिसत राहते. म्हणून खूण करण्याआधी ‘Edit listing’मध्ये जाऊन वर्णनातला नंबर काढून टाकावा आणि तसे फोटो वगळावेत. आमच्या उदाहरणात वर्णनात नंबर नव्हता, परंतु चौथ्या फोटोत फ्रिजच्या बाजूला चिकटवलेले दुरुस्तीवाल्याचे स्टिकर होते आणि त्यावर पेनाने घरमालकाचे नाव व फ्लॅट क्रमांक लिहिलेला होता. जाहिरात टाकताना तो कोणाच्याच नजरेस आला नव्हता. फोटो मोठा करून चारही कोपरे पाहिल्याशिवाय असे तपशील सापडत नाहीत.

त्याच दिवशी करण्याचे दुसरे काम व्हॉट्सअ‍ॅपवरचे आहे, कारण तिथे घड्याळ चालू असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज ‘Delete for everyone’ करण्याची मुदत साधारण दोन दिवसांची आहे. ती टळली की केवळ ‘Delete for me’ उरते आणि समोरच्याकडचा मेसेज तसाच राहतो. मेसेंजरवरचे मेसेज उशिराही मागे घेता येतात. त्यामुळे वेळ कमी असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आधी आणि मेसेंजर नंतर असा क्रम ठेवावा. नंबर दिल्यावर बोलणे बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरच सरकते, आणि बिलाचा फोटो, ठिकाण, क्यूआर कोड या गोष्टीही तिकडेच पाठवल्या जातात. त्यामुळे ज्यांच्याशी व्यवहार झाला नाही त्यांच्या चॅट एकेक उघडून या तीन प्रकारचे मेसेज दाबून धरावेत, कचरापेटीच्या चिन्हावर दाबावे आणि ‘Delete for everyone’ निवडावे. मेसेजच्या जागी तो पुसल्याची एक ओळ राहते. ती पाहून समोरच्याला वाईट वाटेल अशी शंका येत असल्यास ‘फ्रिज विकला गेला, म्हणून पत्ता व बिल काढून टाकले आहे, धन्यवाद’ असे एक वाक्य लिहावे. माझ्या मते ते लिहावेच. सभ्य माणसाला त्यातून व्यवहार संपल्याचे कळते आणि तो पुन्हा फोन करत नाही.

ठिकाण पाठवताना ‘Share live location’ निवडले गेले असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर ते जास्तीत जास्त ८ तासांनी आपोआप थांबते. पण गूगल मॅप्समधून ठिकाण शेअर करताना ते स्वतः बंद करेपर्यंत चालू राहील असाही पर्याय असतो, आणि घाईत तोच निवडला जाऊ शकतो. मॅप्समध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘Location sharing’ उघडावे. तिथे कोणाचे नाव किंवा लिंक दिसत असेल तर ती थांबवावी.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली लिंक जाहिरात पुसल्यावर उघडणार नाही हे खरे, पण लिंकसोबत दिसणारे छोटे चित्र आणि शीर्षक मेसेजमध्येच राहते, कारण ते पाठवतानाच तयार झालेले असते. मुदतीत असेल तर तो मेसेजही सर्वांसाठी पुसावा. मुदत टळली असेल तर त्याच मेसेजला उत्तर म्हणून ‘विकला गेला’ असे लिहावे, म्हणजे महिनाभराने वर सरकून तो मेसेज वाचणारा फोन करणार नाही.

पुसण्याआधी काय राखून ठेवावे

काहीही पुसण्यापूर्वी ज्याला वस्तू विकली त्या एका माणसाशी झालेल्या व्यवहाराचा पुरावा बाजूला काढून ठेवावा. यात जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट, ज्या संभाषणात किंमत आणि वस्तूची स्थिती मान्य झाली त्याचे स्क्रीनशॉट, आणि पैसे यूपीआयने आले असतील तर त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक एवढे पुरे आहे. फ्रिजच्या बाबतीत ‘खालच्या कप्प्याचे झाकण तुटलेले आहे’ हे आधी लिहून कळवले असेल, तर तो मेसेज स्क्रीनशॉटमध्ये आलाच पाहिजे, कारण पुढे वाद झाला तर तो त्याच झाकणावरून होण्याची शक्यता असते. वस्तू मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक, आणि स्कूटर असेल तर हस्तांतराच्या अर्जांच्या प्रतीही याच जागी ठेवाव्यात. वाहनाच्या बाबतीत आरटीओत नाव बदलेपर्यंत चॅट अजिबात पुसू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नोंदणी आपल्या नावावर असेपर्यंत त्या गाडीचे चलान आपल्याच नावावर येते.

ज्याने धमकी दिली, पैसे उकळण्याचा प्रयत्न केला किंवा ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असे सांगितले, त्याची चॅटही पुसू नये. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, त्यामुळे अशी मागणी ही सरळसरळ फसवणूक असते. अशा वेळी आधी स्क्रीनशॉट घ्यावेत, मग त्या चॅटमधूनच ‘Report’ करावे. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि तोपर्यंत ती चॅट आहे तशी ठेवावी.

मेसेंजरमधला नंबर शोधणे आणि मागे घेणे

आता मुख्य काम. मार्केटप्लेसवरून आलेली संभाषणे मेसेंजरच्या मुख्य यादीत दिसली नाहीत तर घाबरू नये. ती मेनूतल्या ‘Marketplace’ या वेगळ्या कप्प्यात असतात. संभाषणाच्या नावात समोरच्याचे नाव आणि वस्तूचे शीर्षक असते, त्यामुळे शीर्षकातला एखादा शब्द वर शोधला तर एकाच वस्तूची संभाषणे एकत्र सापडतात. हे काम जाहिरात असतानाच करावे, कारण कोणती विचारणा कोणत्या वस्तूची होती हे तेव्हा ओळखणे सोपे असते. एकाच महिन्यात फ्रिज, दिवाण आणि सायकल अशा तीन वस्तू विकणाऱ्या घरात ही सरमिसळ हमखास होते.

संभाषणांचे तीन गठ्ठे करावेत. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांना आपण केवळ ‘हो, आहे’ असे उत्तर दिले ते लोक येतात. तिथे मागे घेण्यासारखे काही नसते. चॅट दाबून धरून सरळ ‘Delete’ करावी. दुसऱ्या गठ्ठ्यात ज्यांना नंबर, पत्ता, फोटो किंवा क्यूआर दिला पण व्यवहार झाला नाही ते लोक येतात. तिसऱ्या गठ्ठ्यात एकच चॅट असते, प्रत्यक्ष खरेदीदाराची. तिला सध्या हात लावायचा नाही. सगळी मेहनत दुसऱ्या गठ्ठ्यावर करायची आहे, आणि आमच्या उदाहरणात तो तीन चॅटचा होता.

या गठ्ठ्यातली चॅट उघडल्यावर आपला नंबर कोणत्या मेसेजमध्ये आहे ते शोधावे. चॅट लहान असेल तर वर सरकून दिसतेच; मोठी असेल तर वरच्या नावावर दाबून संभाषणात शोधण्याचा पर्याय वापरावा आणि नंबरचे पहिले चार आकडे टाकावेत. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे दोनदा शोधणे आवश्यक आहे. नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला गेला असेल तर इंग्रजी आकडे टाकून तो सापडेल याची खात्री धरता येत नाही, आणि उलटही तसेच. नंबर दोन-दोन आकड्यांत तोडून, मध्ये जागा सोडून लिहिला असेल तरीही शोध चुकू शकतो. त्यामुळे शोधात काही आले नाही एवढ्यावरून नंबर दिलेलाच नाही असे ठरवू नये, आणि ज्या दिवशी भेटण्याचे ठरले त्या दिवसाचे मेसेज डोळ्यांनी वाचावेत.

नंबर सापडला की त्या मेसेजवर बोट दाबून धरावे, ‘Unsend’ निवडावे आणि पुढच्या प्रश्नात ‘Unsend for everyone’ घ्यावे. काही फोनवर ‘Unsend’ थेट दिसत नाही आणि ‘More’वर दाबावे लागते. संगणकावर मेसेजवर माउस नेला की शेजारी तीन ठिपके येतात, त्यांत हाच पर्याय असतो. चुकून ‘Unsend for you’ निवडले तर मेसेज आपल्याकडून जातो आणि समोरच्याकडे राहतो, म्हणजे चॅट पुसल्यासारखीच अडचण होते. म्हणून या एका ठिकाणी घाई करू नये. काम नीट झाले की नाही हे लगेच ओळखता येते: सर्वांसाठी मागे घेतलेल्या मेसेजच्या जागी तो मागे घेतल्याची ओळ दिसते, आणि फक्त स्वतःसाठी काढलेला मेसेज कोणतीही ओळ न ठेवता नाहीसा होतो.

आकड्यांत लिहिलेल्या नंबराखेरीज तो आणखी काही ठिकाणी दडलेला असतो. मूळ बिलाच्या फोटोवर दुकानदाराने लिहिलेला आपला नंबर आणि पूर्ण पत्ता असतो. पैसे घेण्यासाठी दिलेला यूपीआय आयडी पुष्कळदा मोबाइल नंबर आणि पुढे @ चिन्हासह बँकेची खूण असा असतो, म्हणजे आयडी दिला की नंबर दिलाच. तो आयडी क्यूआर कोडच्या चित्राखाली छापलेलाही असतो. या चित्रांसाठी शब्दशोधाचा उपयोग नाही. वरच्या नावावर दाबून त्या चॅटमधील फोटो व फाइल्सचा विभाग उघडावा, तिथे आपण पाठवलेले सर्व फोटो एकत्र दिसतात. कोणते काढायचे ते ठरवून चॅटमध्ये परत जावे आणि प्रत्येक चित्र तसेच मागे घ्यावे. ध्वनिसंदेशही विसरू नयेत. ‘साईनाथनगरच्या चौकातून डावीकडे वळा, तिसरी इमारत, दुसरा मजला’ असे बोलून सांगितलेले असते, ते शोधात येत नाही आणि फोटोंतही दिसत नाही.

समोरच्याने आपला नंबर स्वतःच्या मेसेजमध्ये पुन्हा लिहिला असेल, उदाहरणार्थ ‘९ ने सुरू होणारा हाच ना?’ असे विचारून पूर्ण नंबर टाकला असेल, तर तो मेसेज त्याचा आहे आणि आपल्याला तो मागे घेता येत नाही. त्याने आधीच नंबर फोनमध्ये साठवला असेल, स्क्रीनशॉट काढला असेल किंवा आपल्याला फोन केल्यामुळे नंबर त्याच्या कॉल यादीत असेल, तर तेही आपल्या हातात नाही. मेसेज मागे घेतल्याने होते ते एवढेच की जुन्या चॅटमधून नंबर सहज उचलता येत नाही आणि तो फोन पुढे कोणाच्या हाती गेला तर त्यात आपला पत्ता व बिल सापडत नाही. ज्याने नंबर साठवला आहे त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग कामी येते: ‘Privacy’मध्ये प्रोफाइल फोटो, ‘About’ आणि ‘Last seen’ यांसाठी ‘My contacts’ निवडले आणि त्या माणसाचा नंबर आपल्या फोनमधून काढला, तर त्याला यांतले काही दिसत नाही.

मेसेज मागे घेऊन झाले की मग चॅट ‘Delete’ करावी. ब्लॉक करणे मला प्रत्येकासाठी आवश्यक वाटत नाही. विचारपूस करून शेवटी नको म्हणणे हा कोणाचाही हक्क आहे, आणि नाशिकसारख्या शहरात तोच माणूस पुढच्या वर्षी आपला दिवाण घ्यायला येऊ शकतो. टोकनच्या नावाखाली क्यूआर मागवून गप्प बसलेल्या माणसाला मात्र ब्लॉक करणे योग्यच. त्याच्या चॅटमधून क्यूआर मागे घेतल्यावर, चॅट पुसण्याआधी, नावावर दाबून ‘Block’ निवडावे. तिथे केवळ मेसेज व कॉल थांबवायचे की फेसबुकवरही ब्लॉक करायचे असे दोन पर्याय दिसतात, त्यांतला दुसरा घ्यावा. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा नंबर वेगळा ब्लॉक करावा लागतो, कारण मेसेंजरवरील बंदी तिथे लागू होत नाही.

जाहिरात पुसणे

दोन-चार दिवसांनी खरेदीदाराकडून फ्रिज व्यवस्थित चालल्याचे कळले, की जाहिरात पुसण्यास हरकत नाही. पुन्हा ‘Your listings’मध्ये जावे, जाहिरातीशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबावे आणि ‘Delete listing’ निवडावे. वस्तू विकली का असा प्रश्न आला तर जे खरे असेल ते निवडावे; उत्तर द्यायचे नसेल तर तसाही पर्याय असतो. ही कृती परत फिरवता येत नाही, म्हणून एकसारखी छायाचित्रे असलेल्या दोन जाहिराती असतील तर शीर्षक आणि किंमत वाचूनच बटण दाबावे.

त्यानंतर खरेदी-विक्रीचे गट तपासावेत. जाहिरात करतानाच गटांवर खूण करून ती तिकडे पाठवली असेल आणि नंतर हाताने गटात वेगळी पोस्ट टाकली असेल, तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाताने टाकलेली पोस्ट जाहिरातीबरोबर जात नाही. प्रत्येक गट उघडून भिंगाच्या चिन्हावर वस्तूचे नाव शोधावे आणि आपली पोस्ट दिसली तर ती तिच्या तीन ठिपक्यांतून काढावी. पोस्टखालच्या प्रतिक्रियांत ‘इनबॉक्स करा’ ऐवजी नंबर लिहिला असेल तर पोस्टबरोबर तोही जातो. परंतु दुसऱ्याच कोणाच्या ‘फ्रिज हवा आहे’ या पोस्टखाली आपण नंबर लिहिला असेल, तर ती प्रतिक्रिया स्वतंत्रपणे शोधून काढावी लागते. यासाठी फेसबुकच्या सेटिंगमधील ‘Activity log’ उपयोगी पडतो. त्यात आपण लिहिलेल्या प्रतिक्रिया तारखेनुसार मिळतात, आणि जाहिरात चालू होती तेवढ्याच दिवसांच्या पाहिल्या तरी पुरते. आमच्या उदाहरणात अशी एक प्रतिक्रिया निघाली, आणि तिच्यात नंबराबरोबर ‘संध्याकाळी सातनंतर घरी कोणी ना कोणी असते’ असेही लिहिलेले होते. घर कधी रिकामे असते याचा अंदाज अनोळखी माणसाला यावरून बांधता येतो, म्हणून अशी वाक्ये नंबराइतक्याच तातडीने काढावीत.

इतरांचे नंबर आपल्याकडे

या साऱ्याची दुसरी बाजू म्हणजे चौकशी करणाऱ्यांचे जे नंबर आपल्या फोनमध्ये राहिले ते. ‘फ्रिज ओझर’, ‘फ्रिज सिन्नर’ अशा नावांनी साठवलेले हे नंबर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसच्या प्रेक्षकांत जाऊन बसतात. स्टेटस ‘My contacts’ला दिसेल अशी सेटिंग असेल आणि त्यांनीही आपला नंबर साठवला असेल, तर घरातल्या पूजेचे आणि मुलांचे फोटो ओझरच्या त्या अनोळखी माणसापर्यंत पोहोचतात. मेसेंजरमध्ये किंवा फेसबुकमध्ये फोनमधील संपर्क अपलोड करण्याचा पर्याय चालू असेल, तर ते नंबर फेसबुककडेही जातात. त्यामुळे फोनच्या संपर्क यादीत ‘फ्रिज’ शोधून व्यवहार न झालेल्यांची नावे काढून टाकावीत. संपर्क गूगल खात्याशी जोडलेले असतील तर काढलेली नावे contacts.google.com वरील कचरापेटीत ३० दिवस राहतात. तिथूनही ती काढता येतात, किंवा न काढल्यास तेवढ्या दिवसांनी आपोआप जातात. कॉल यादीतील नोंदीही पुसाव्यात, कारण पुष्कळ फोन तिथूनच नंबर साठवण्याची सूचना पुन्हा पुन्हा देतात.

झाले की नाही याची तपासणी

शेवटची खात्री आपल्या फोनवरून करू नये. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्यावरून, शक्यतो जो आपल्या फेसबुकच्या मित्रयादीत नाही त्याच्या खात्यावरून, मार्केटप्लेसमध्ये वस्तूचे शीर्षक शोधावे आणि सोसायटीच्या ग्रुपवरची जुनी लिंक दाबून पाहावी. पान उपलब्ध नसल्याचे दिसले तर जाहिरात गेली. वस्तू ‘Sold’ म्हणून फोटोंसह दिसली तर केवळ खूण झाली आहे आणि पुसणे बाकी आहे. आमच्या उदाहरणात पुसल्यानंतरही शोधात फ्रिज दिसला, तेव्हा जवळून पाहिल्यावर कळले की घरातल्या मुलाने स्वतःच्या खात्यावरून त्याच फोटोंची दुसरी जाहिरात टाकली होती आणि त्याच्या मेसेंजरमध्ये वेगळ्या लोकांनी वेगळी विचारणा केली होती. त्या खात्यावर हाच सारा क्रम पुन्हा करावा लागला.

खरेदीदाराची चॅट, जी आतापर्यंत बाजूला ठेवली होती, ती किती दिवस ठेवायची हे वस्तूवर अवलंबून आहे. फ्रिजसारख्या वस्तूसाठी महिनाभर ठेवणे मला पुरेसे वाटते. उरलेली वॉरंटी खरेदीदाराला वापरायची असेल आणि त्यासाठी कंपनीकडे आपल्या नावाचे बिल लागणार असेल, तर वॉरंटी संपेपर्यंत संपर्क ठेवणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि त्याच्याकडे पाठवलेला बिलाचा फोटो मागे घेऊ नये. ती मुदत संपल्यावर मात्र त्याला एक मेसेज करून सांगावे, ठिकाण आणि क्यूआर असलेले मेसेज सर्वांसाठी मागे घ्यावेत, स्क्रीनशॉट एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत हे पाहून घ्यावे आणि त्यानंतर ती चॅट पुसावी.